हात विटाळणारे ग्रंथ

हिब्रू धर्मग्रंथांची यादी इसवी सन 90 च्या सुमारास यावने इथल्या परिषदेत मतदानाने ठरली, असं अनेक पुस्तकांत वाचायला मिळतं. तशी परिषद भरल्याचा पुरावा नाही. तोरा आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ त्याआधीच सर्वमान्य होते. यावनेच्या धर्मपंडितांत वाद रंगला तो उरलेल्या एकदोन ग्रंथांवर.

वादाची कसोटी चमत्कारिक होती : या ग्रंथाला शिवल्यास हात विटाळतात का? विटाळत असतील तर ग्रंथ पवित्र! तालमूद याचं कारण सांगतं. लोक पुरोहितांसाठी काढलेलं धान्य तोराच्या गुंडाळीशेजारी ठेवत. दोन्ही पवित्रच, मग बिघडलं कुठे? पण धान्याला उंदीर येत आणि गुंडाळीही कुरतडत. म्हणून पवित्र गुंडाळीच्या स्पर्शाने विटाळ होतो, असा नियम झाला.

‘उपदेशक’ या ग्रंथात सगळंच व्यर्थ म्हटलेलं, शिवाय परस्परविरोधी वचनं. शम्मायचे अनुयायी म्हणत, हात विटाळत नाहीत. हिल्लेलचे म्हणत, विटाळतात. ‘गीतरत्न’ तर उघड प्रेमकाव्य. रब्बी अकिवाने मात्र ते परमपवित्र ठरवलं आणि त्यावर कधी वादच नव्हता असं ठासून सांगितलं. इतकं ठासून सांगावं लागलं, यातच सारं आलं.

दोन्ही ग्रंथ चोवीसांच्या यादीत राहिले. इसवी सनपूर्व 180 च्या सुमाराचा बेन सिराचा बोधग्रंथ मात्र उशिराचा म्हणून बाहेर राहिला. वसई-गोव्याच्या कॅथलिकांच्या बायबलमध्ये तो आजही आहे.