नफ्यातील सौदा वाढवावा. पण जोखीम वाढू न देता

कोल्हापूरच्या गुजरीत आणि हुपरीच्या चांदीच्या पेढ्यांवर भाव चढू लागला की एक प्रश्न हमखास निघतो : घेतलेली चांदी नफ्यात आहे, आता आणखी घ्यावी का? पायातील पैंजणापासून कमरेच्या पट्ट्यापर्यंत चांदीचे दागिने घडविणाऱ्या हुपरीत भावाची ही चढउतार रोजच्या जगण्याचाच भाग आहे. मल्टी कमोडिटी एक्स्चेंजवर (एमसीएक्स) एक किलोच्या 'मायक्रो' करारातही चांदीचा वायदा करता येऊ लागल्यापासून हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांपुरता उरलेला नाही. मोजकी बचत असलेले नोकरदारही तो विचारू लागले आहेत.

नफ्यातील सौद्यात टप्प्याटप्प्याने भर घालण्याच्या पद्धतीला बाजारात 'पिरॅमिडिंग' म्हणतात. तोट्यातील सौद्याची 'सरासरी' करण्याच्या सवयीच्या ही पद्धत नेमकी उलट आहे. सरासरी करणारा बाजार आपल्या विरोधात जात असताना माल वाढवितो. पिरॅमिडिंग करणारा आपला अंदाज बरोबर ठरत असल्याचे दिसल्यावरच पुढचे पाऊल टाकतो. मात्र एवढ्यानेच ही पद्धत सुरक्षित ठरत नाही. किती माल वाढविला यापेक्षा, वाढविल्यानंतर सगळ्या मालावर मिळून किती रुपये पणाला लागले आहेत, हे अधिक महत्त्वाचे असते.

तीन टप्प्यांचा हिशेब

हिशेब सोपा व्हावा म्हणून चांदीचा भाव किलोला १,००,००० रुपये धरू. प्रत्यक्ष भाव त्या त्या दिवशी निराळा असेल. दलाली व कर बाजूला ठेवू. समजा, पाच लाख रुपये भांडवल असलेल्या एका गृहस्थांनी ठरविले आहे, की एका सौद्यात भांडवलाच्या दोन टक्क्यांहून, म्हणजे १०,००० रुपयांहून अधिक गमवायचे नाहीत. ते १,००,००० च्या भावाने ४ किलो घेतात आणि ९७,५०० वर 'स्टॉप लॉस' लावतात. भाव तेथे आला, तर किलोमागे २,५०० याप्रमाणे तोटा १०,००० रुपये होईल. म्हणजे त्यांची मर्यादा पहिल्याच टप्प्यात पूर्ण वापरली गेली आहे.

आता भाव १,०२,५०० झाला. याच ठिकाणी आणखी २ किलो घेऊन जुना स्टॉप लॉस तसाच ठेवला, तर काय होईल? पहिल्या ४ किलोवर १०,००० आणि नव्या २ किलोवर किलोमागे ५,००० प्रमाणे आणखी १०,००० रुपयांची जोखीम निर्माण होईल. एकूण जोखीम दुप्पट झाली. कागदावर नफा दिसत असल्यामुळे मात्र ही दुपटी डोळ्यांत भरत नाही.

म्हणून नियम असा, की भर घालण्यापूर्वी साऱ्या मालाचा स्टॉप लॉस वर सरकवावा. येथे तो १,००,००० वर आणला, तर पहिल्या ४ किलोवर तोटा शून्य होतो आणि नव्या २ किलोवर ५,००० रुपयांची जोखीम राहते. माल चारावरून सहा किलो झाला. पण एकूण जोखीम १०,००० वरून ५,००० वर उतरली. पुढे भाव १,०५,००० झाल्यावर तिसऱ्या टप्प्यात १ किलो घेऊन स्टॉप लॉस १,०२,५०० वर नेला, तर पहिल्या मालावर १०,००० रुपयांचा नफा पक्का होतो, दुसरा माल ना नफा ना तोटा अशा स्थितीत असतो आणि तिसऱ्यावर २,५०० रुपयांची जोखीम राहते. स्टॉप लॉसच्या भावाने सगळा माल विकला गेला, तरी हाती ७,५०० रुपये उरतात.

यातून निघणारे सूत्र साधे आहे. ठरविलेल्या मर्यादेत नव्या स्टॉप लॉसपाशी जुन्या मालावर पक्का होणारा नफा मिळवावा, किंवा होणारा तोटा वजा करावा. उरलेल्या रकमेला नवा भाव व नवा स्टॉप लॉस यांतील अंतराने भागावे. येईल तो आकडा म्हणजे भर घालण्याची कमाल मर्यादा. तेवढा माल घेतलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ नव्हे.

स्टॉप लॉस आधी, वजन नंतर

अनेकांची गफलत येथेच होते. आधी किती किलो घ्यायचे ते ठरते आणि मग गणित जुळावे म्हणून स्टॉप लॉस हवा तेवढा वर ओढला जातो. बाजाराला आपल्या गणिताची पर्वा नसते. चांदी दिवसभरात सहज दोन हजार रुपये खाली-वर होत असेल, तर हजार रुपयांवर लावलेला स्टॉप लॉस तेजी टिकूनही उडतो.

स्टॉप लॉसची जागा बाजाराच्या चालीवरूनच ठरली पाहिजे. समजा, भाव १,०२,५०० आहे. पण मधल्या घसरणीत तो ज्या पातळीवरून सावरला, ती पाहता स्टॉप लॉस ९९,००० च्या वर नेणे योग्य नाही. तेव्हा पहिल्या ४ किलोवर ४,००० रुपयांचा तोटा संभवतो. मर्यादेतील ६,००० रुपये उरतात आणि नव्या मालावर किलोमागे जोखीम ३,५०० आहे. म्हणजे भर एकाच किलोची घालता येईल. दोन किलो घेतल्यास एकूण जोखीम ११,००० होऊन मर्यादा ओलांडली जाईल. उत्तर एक किलोपेक्षा कमी आले, तर त्या टप्प्यावर काहीही न घेणे हाच नियम.

या पद्धतीचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे शिकागोचे व्यापारी रिचर्ड डेनिस व त्यांचे सहकारी विल्यम एकहार्ट यांनी १९८३ च्या अखेरीस प्रशिक्षण दिलेला 'टर्टल' गट. त्यांचे नियम पुढे प्रसिद्ध झाले. भावाच्या सरासरी दैनंदिन हालचालीला ते 'एन' म्हणत. स्टॉप लॉस दोन 'एन' अंतरावर असे आणि भाव दर अर्धा 'एन' वर गेला की समान भर, पहिल्या खरेदीसह एका बाजारात कमाल चार टप्पे. भर घालताना जुने स्टॉप लॉसही अर्ध्या 'एन'ने वर जात. पहिल्या खरेदीत भांडवलाच्या दोन टक्के जोखीम असे. पण चारही टप्पे पूर्ण झाल्यावर त्यांवर अनुक्रमे अर्धा, एक, दीड व दोन, असे मिळून पाच टक्के पणाला लागत. जोखीम चौपट झाली नाही, तरी अडीचपट झाली. पावले स्टॉप लॉसच्या अंतराच्या मानाने आखूड आणि भर समान असेल, तर स्टॉप लॉस वर सरकवूनही एकूण जोखीम वाढतेच, हे यावरून कळते. पाऊल स्टॉप लॉसच्या अंतराइतके लांब ठेवणे किंवा प्रत्येक भर आधीपेक्षा लहान ठेवणे, हे त्यावरचे दोन उपाय.

पाया रुंद, शिखर निमुळते

वरच्या उदाहरणात ४-२-१ हा क्रम आहे. त्यात सात किलोंची सरासरी खरेदी सुमारे १,०१,४२९ रुपये पडते. तोच क्रम उलटा, म्हणजे १-२-४ असा ठेवला, तर सरासरी सुमारे १,०३,५७१ होते. भाव १,०५,००० वरून दीड हजारांनी खाली आला, की उलट्या पिरॅमिडचा सारा नफा संपतो. सुलट्या पिरॅमिडला त्याच अवस्थेत किलोमागे दोन हजारांचा नफा उरलेला असतो. तेजी जोरात असताना मोह मात्र उलट्या क्रमाचाच होतो, कारण सर्वांत अधिक विश्वास सर्वांत वरच्या भावाला वाटू लागतो.

सुलट्या पिरॅमिडचीही किंमत मोजावी लागते. भाव १,०२,५०० ला जाऊन पुन्हा १,००,००० वर आला, तर भर न घालणारा आणि स्टॉप लॉस वर नेणारा माणूस बरोबरीत सुटतो. भर घालणाऱ्याला ५,००० रुपये गमवावे लागतात. ठराविक पट्ट्यात घुटमळणाऱ्या बाजारात असे छोटे तोटे वारंवार होतात. ते भरून निघण्यासाठी अधूनमधून लांब पल्ल्याची तेजी मिळणे आवश्यक असते.

स्टॉप लॉस म्हणजे हमी नव्हे

हा सारा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे : स्टॉप लॉसच्या भावाला माल विकला जाईल. चांदीने हे गृहीतक २०११ मध्ये मोडून दाखविले. एप्रिलअखेरीस औंसाला ५० डॉलरच्या उंबरठ्यावर पोहोचलेली चांदी सोमवारी, २ मे रोजी, आपल्याकडे पहाट होण्यापूर्वीच, जागतिक बाजारात काही मिनिटांत सुमारे १२ टक्के कोसळली. येथील बाजार त्या वेळी बंद होता. अशा वेळी बाजार उघडताच जो भाव मिळेल, तोच स्वीकारावा लागतो.

आपल्या उदाहरणात १,०५,००० वर बंद झालेला भाव दुसऱ्या दिवशी थेट ९९,००० वर उघडला असे समजा. केवळ पहिले ४ किलो धरून बसलेल्याचा तोटा ४,००० रुपये होईल. ४-२-१ क्रमाने भर घालणाऱ्याचा १७,००० होईल. ४-४-४ असा बारा किलो माल केलेल्याचा तोटा मात्र ४२,००० रुपये होईल. गंमत अशी, की त्याच्या हिशेबानुसार १,०२,५०० च्या स्टॉप लॉसपाशी जोखीम शून्य होती. म्हणून स्टॉप लॉसपर्यंतच्या जोखमीबरोबरच एकूण वजनावरही मर्यादा हवी. ती ठरविण्यासाठी, रात्रीत सहा-सात टक्क्यांची दरी पडली तर काय, हा हिशेब भर घालण्याआधी करावा.

व्यवहारातील एक चूकही येथे नोंदवायला हवी. भर घातल्यावर सहा किलोंचा नवा स्टॉप लॉस लावला जातो. पण चार किलोंचा जुना आदेश रद्द करायचा राहून जातो. भाव घसरला की आधी सहा किलो विकले जातात आणि पुढे ९७,५०० ला जुना आदेशही लागू होऊन जवळ नसलेले चार किलो विकले जातात. तेजीवाला नकळत मंदीवाला होतो. आदेश दिवसापुरता असेल, तर तो रोज सकाळी नव्याने द्यावा लागतो, हेही विसरून चालत नाही.

हुपरीच्या कारखानदाराला आणखी एक आकडा मांडावा लागतो. त्याच्या तिजोरीत व कारागिरांकडे मिळून दहा किलो चांदी असेल, तर वायदा न करताही तो तेजीच्या बाजूला उभाच आहे. भाव अडीच हजारांनी उतरला की त्याच्या मालाची किंमत २५,००० रुपयांनी घटते. अशा माणसाने वायद्यात चार किलो घेणे ही पहिली पायरी नसून, भरच होय. आणि तिला स्टॉप लॉस नसलेला पाया आहे. त्याची एकूण जोखीम वायद्याच्या वहीत दिसणार नाही. तिजोरीतील चांदीचे वजन त्याच पानावर लिहिल्यावरच ती कळेल.