कारखान्याचा अहवाल जर्मनीला जाताना

समजा, आपल्याकडच्या एका साखर कारखान्याला इथेनॉल प्रकल्पासाठी जर्मनीतून यंत्रे घ्यायची आहेत. पैसे हप्त्यांनी द्यायचे आहेत, म्हणून तिथली कंपनी कारखान्याचा वार्षिक अहवाल जर्मन भाषेत मागते. मजकुराच्या अनुवादाला चांगला माणूस मिळतो. आकड्यांचे काय करायचे, हे मात्र कुणी कुणाला सांगत नाही. ‘आकडे काय, आहेत तसे उतरवायचे’ असेच सगळे धरून चालतात, आणि अहवाल बहुधा तिथेच बिघडतो. वाक्य चुकले तर वाचणाऱ्याला खटकते. चुकीचा आकडा बरोबर आकड्याइतकाच नीटनेटका दिसतो, त्यामुळे तो कुणालाच खटकत नाही.

या लेखापुरते काही आकडे कल्पून ते जर्मनीपर्यंत नेऊन पाहू. अहवालात लिहिले आहे, ‘अहवाल सालात एकूण उत्पन्न ४१२.५० कोटी रुपये.’ जर्मन वाचकाला कोटी ठाऊक नाही. एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष, म्हणून ही रक्कम झाली चार हजार एकशे पंचवीस दशलक्ष. इथवर हिशेब सोपा आहे. पण जर्मनीत हजारांच्या जागी टिंब देतात आणि दशांशाच्या जागी स्वल्पविराम, म्हणजे आपल्या बरोबर उलट. तिथे हीच रक्कम ‘४.१२५ दशलक्ष’ अशी दिसेल. हा कागद छपाईआधी कारखान्याच्या लेखा विभागात आला, की तिथल्या माणसाला ती चार पूर्णांक काही दशलक्ष, म्हणजे जेमतेम ४१ लाख रुपये वाटणार. तो तळमळीने टिंब पुसून स्वल्पविराम घालणार. तसे केले की जर्मन वाचकाच्या हाती खरोखरच ४१ लाखांचा कारखाना पडला. बरोबर असलेला आकडा शेवटच्या तपासणीत ‘दुरुस्त’ होऊन चुकतो, तो असा.

यावर साधा उपाय आहे. सगळ्या रकमा दशलक्ष रुपयांत द्यायच्या आणि प्रत्येक रकमेत दशांशानंतरचा एक अंक ठेवायचा, तो शून्य असला तरी. मग एकूण उत्पन्न ‘४.१२५,०’ असे छापले जाते. टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही एकाच आकड्यात आले, की कोणते चिन्ह हजारांचे आणि कोणते दशांशाचे, याची शंका मुंबईत राहत नाही आणि म्युनिकमध्येही नाही.

अनुवाद मराठीतून आधी इंग्रजीत आणि तिथून जर्मनमध्ये जात असेल, तर आणखी एक खड्डा आहे. इंग्रजीतला बिलियन म्हणजे आपला अब्ज, शंभर कोटी. त्याला जर्मनमध्ये मिलियार्ड म्हणतात. जर्मनमध्ये बिलियनसारखाच दिसणारा शब्दही आहे, पण त्याचा अर्थ लाख कोटी, म्हणजे हजारपट मोठा. घाईत तो शब्द तसाच राहिला, तर आपल्या कारखान्याचे उत्पन्न चार लाख कोटींवर जाते. दशलक्षात लिहिण्याचा दुसरा फायदा हा, की या शब्दाशी संबंधच येत नाही.

आता मापे. गाळप ८,४०,००० टन. भारतातला टन आणि जर्मनीतला टन एकच, हजार किलोंचा. फक्त खुणांची जागा बदलून ८४०.००० लिहायचे, कारण लाखाचा स्वल्पविराम तिथे कुणी ओळखत नाही. साखर उत्पादन ९,४०,८०० क्विंटल. आपला क्विंटल शंभर किलोंचा. जर्मन शेतीत शंभर किलोंसाठी डेझिटन वापरतात. जुन्या लोकांच्या तोंडी त्सेंटनर असतो, पण तो पन्नास किलोंचा. अनुवादकाने जुन्या शब्दकोशातून त्सेंटनर उचलला तर साखर निम्मी होते. सरळ टनात, ९४.०८० लिहावे हे बरे.

ही चूक पकडायला आकडेच मदत करतात. अहवालात उतारा ११.२० टक्के दिला आहे, म्हणजे शंभर टन उसामागे ११.२ टन साखर. ८,४०,००० टनांचे ११.२ टक्के म्हणजे बरोबर ९४,०८० टन. अनुवादानंतरही हा गुणाकार जुळला पाहिजे. जुळला नाही, तर तीनपैकी एक आकडा वाटेत बदलला आहे. अहवालातल्या अशा साखळ्या आधी शोधून ठेवाव्यात आणि शेवटी जर्मन आकड्यांवर पुन्हा चालवून पाहाव्यात. एकेक आकडा समोरासमोर ताडून पाहण्यापेक्षा ही तपासणी माझ्या मते अधिक भरवशाची आहे.

उताऱ्याबाबत मात्र आकडा जुळूनही काम संपत नाही. जर्मनीत साखर बीटापासून होते आणि तिथे बीटात किती टक्के साखर आहे, ते प्रयोगशाळेत मोजून सांगतात. आपला उतारा म्हणजे कारखान्यातली घट वजा जाऊन प्रत्यक्ष पोत्यात पडलेली साखर. दोन्ही टक्केच, पण वेगळ्या गोष्टींचे. टक्केवारीचे रूपांतर करावे लागत नाही म्हणून ती तशीच सोडली, तर वाचक ११.२ ची तुलना आपल्या बीटाशी करून कारखाना सुमार ठरवेल. तिथे एका ओळीची तळटीप हवीच.

एकरांचा प्रश्न वेगळा आहे. ‘कार्यक्षेत्रात सुमारे २१,००० एकर ऊस, एकरी सरासरी ४० टन.’ एकर ०.४०४६८६ हेक्टरचा. यंत्रावर गुणाकार केला की ८,४९८.४ हेक्टर येते, आणि पुष्कळ अनुवादांत ते तसेच छापले जाते. पण मूळचा आकडा गोळाबेरजेचा होता. दशांशापर्यंतचा आकडा दिला, की कुणीतरी शिवार मोजून आल्यासारखे वाटते आणि कारखान्याने न केलेला दावा त्याच्या नावावर पडतो. ‘सुमारे ८.५०० हेक्टर’ आणि ‘हेक्टरी सुमारे ९९ टन’ इतकेच प्रामाणिक आहे. मूळ आकडा जितका ढोबळ, तितकाच रूपांतरित आकडा ढोबळ ठेवावा.

सर्वांत नाजूक भाग पैशाचा. जर्मन वाचकाला युरो हवे असतात. समजा, यंदाच्या ३१ मार्चला युरो ९० रुपयांचा होता आणि गेल्या वर्षीच्या ३१ मार्चला ८८ रुपयांचा. यंदाचे ४१२.५० कोटी म्हणजे ४५.८ दशलक्ष युरो. गेल्या वर्षीचे उत्पन्न ३९० कोटी, म्हणजे त्या दराने ४४.३ दशलक्ष. अध्यक्षांच्या मनोगतात लिहिले आहे, ‘उत्पन्नात ५.८ टक्के वाढ.’ रुपयांत ते खरे आहे. युरोच्या तक्त्यावरून मात्र वाढ ३.४ टक्के निघते. कुणीही खोटे बोललेले नाही, तरीही मनोगत आणि तक्ता एकमेकांना खोटे पाडतात, आणि उधारी देणारा माणूस नेमके हेच शोधत असतो.

म्हणून माझे मत असे, की हिशेबाची पत्रके रुपयांतच राहू द्यावीत आणि युरोचा रकाना शेजारी, केवळ वाचकाच्या सोयीसाठी द्यावा. तो सगळा एकाच तारखेच्या एकाच दराने काढावा, गेल्या वर्षाचाही. दर, तारीख आणि तो कुठून घेतला, हे एकदाच, पहिल्या पानावर लिहावे. अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेल्या विप्रो आणि डॉ. रेड्डीज या भारतीय कंपन्या अमेरिकी नियामकाला देतात त्या अहवालांत हीच वाट धरतात. रुपयांची पत्रके, आणि चालू वर्षाच्या रकमांशेजारी वर्षअखेरच्या एका दराने काढलेला डॉलरचा सोयीचा रकाना. आंतरराष्ट्रीय लेखा मानक क्रमांक २१ देखील अशी पूरक माहिती वेगळी ओळखू येईल अशी द्यायला आणि रूपांतराची पद्धत सांगायला सांगते. खरेखुरे चलनांतर करायचे, म्हणजे ताळेबंदाला अखेरचा दर आणि उत्पन्नाला वर्षाचा सरासरी दर लावायचा, तर ते सनदी लेखापालाचे काम आहे. अनुवादकाने त्यात हात घालू नये.

युरोच्या रकान्यात बेरीजही रुसते. साखर ३२९.२८ कोटी, इथेनॉल ५९ कोटी, वीज २४.२२ कोटी, रुपयांत बेरीज चोख ४१२.५०. युरोत एका दशांशापर्यंत ३६.६, ६.६ आणि २.७ येतात. त्यांची बेरीज ४५.९ होते, एकूण मात्र ४५.८. बेरीज जुळवायला एखादा अंक खालीवर करण्याचा मोह टाळावा. प्रत्येक रक्कम मूळ रुपयांवरूनच काढावी आणि तक्त्याखाली ‘पूर्णांकनामुळे बेरजेत किरकोळ फरक’ अशी ओळ द्यावी. जर्मन वाचकाला ती सवयीची असते. ज्या रकमा कायद्याने ठरतात त्यांचे मूळ रूप तर सोडूच नये. २०२३-२४ च्या हंगामाची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३१५ रुपये होती. ती तशीच छापून कंसात टनामागे ३५ युरो लिहिले की पुरे.

‘सन २०२३-२४’ हे तर एकाच अहवालात दोन अर्थांनी येते. उत्पन्नाचे वर्ष एप्रिल ते मार्च, साखरेचे ऑक्टोबर ते सप्टेंबर. युरोपातही साखरेचे वर्ष ऑक्टोबरपासूनच मोजतात, म्हणून गाळपाच्या तक्त्यावर २०२३/२४ चालेल. उत्पन्नाच्या तक्त्यावर मात्र ‘३१ मार्च २०२४ रोजी संपलेले वर्ष’ असे पूर्ण लिहावे.

दिवस-महिन्यांचा क्रम भारतात आणि जर्मनीत सारखाच आहे, धोका मधल्या संगणकाचा आहे. अमेरिकी मांडणीवर चालणाऱ्या एक्सेलमध्ये ०३/०४/२०२४ टाकले की ती निमूटपणे ४ मार्च होते. १३/०४/२०२४ ला तेरावा महिना सापडत नाही, म्हणून ती तारीख न होता नुसती अक्षरे म्हणून पडून राहते. ओळखायची खूण अशी: रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसल्या, तर उजवीकडच्या बिघडल्या आहेत. जर्मन मांडणीच्या एक्सेलमध्ये याहून विचित्र प्रकार होतो. तिथे गेल्या वर्षीचा ११.०५ टक्के उतारा टाकला की तो ११ मे होतो, कारण टिंब तिथे तारखेत येते. यासाठी आकडे चिकटवण्याआधी रकाना ‘मजकूर’ प्रकारचा करून घ्यावा आणि टिंबे बदलून झाल्यावरच त्याला संख्या करावे.

आलेख शेवटी राहतात आणि बहुतेकदा विसरले जातात, कारण ते चित्रे म्हणून चिकटवलेले असतात. त्यांतले देवनागरी अंक परक्या डोळ्यांना फसवतात. आपला ४ त्यांना आठासारखा दिसतो आणि ५ चारासारखा. आलेख नव्या अंकांनी पुन्हा काढावेच लागतात.

अहवाल अनुवादाला देणाऱ्या संस्थांना एवढेच सांगणे आहे: छापील अहवालाबरोबर मूळ हिशेबाची एक्सेल फाइल द्या, कोणत्या तारखेचा दर घ्यायचा ते लेखी कळवा, आणि अनुवादकाचे प्रश्न घेईल असा लेखा विभागातला एक माणूस नेमून द्या. छपाईआधीची शेवटची प्रत, जर्मन आकडे वाचता येतात अशा माणसाशिवाय कुणालाही दुरुस्त करू देऊ नका.