एमसीबी आहे, मग शॉक कसा लागेल?

मे महिन्यात नंदुरबार, शहादा, तळोद्याकडे पत्र्याचे कूलर दिवसरात्र चालतात. हाताखालच्या मुलाला घराचा वायरिंग डायग्राम शिकवताना या कूलरच्याच सर्किटवर बोट ठेवावे. मीटर, मेन स्विच, आरसीसीबी, एमसीबी, बोर्डावरचा स्विच, सॉकेट, कूलर आणि तिथून न्यूट्रलने परत. सोबतची हिरवी रेघ अर्थिंगची. बिघाड नसताना तिच्यातून करंट जवळजवळ वाहतच नाही.

गैरसमज: स्विच फेजवर लावा की न्यूट्रलवर, कूलर बंद होतोच.

वस्तुस्थिती: कूलर थांबतो, पण न्यूट्रलवरच्या स्विचमुळे फेज आत मोटारीपर्यंत तशीच राहते. डायग्रामवर फेजचीच रेघ स्विचमध्ये तुटलेली दिसली पाहिजे. जागेवर खात्री करायची तर स्विच बंद ठेवून सॉकेटच्या छिद्रांत टेस्टर लावा. तो पेटला, तर काहीतरी उलटे जोडले आहे.

गैरसमज: एमसीबी शॉकपासून वाचवतो, आणि अर्थिंग असले की तो पडतोच.

वस्तुस्थिती: एमसीबी वायरीला जपतो, माणसाला नाही. समजा, कूलरच्या पत्र्याला फेज लागली आणि उन्हाळ्यात सुकलेल्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोध 40 ओहम झाला आहे. बाकीचा रोध धरला नाही, तरी 230 भागिले 40 म्हणजे पावणेसहा अँपिअरच करंट जमिनीत जातो. 10 अँपिअरच्या एमसीबीला यात काहीच वावगे वाटत नाही. कूलर चालू राहतो, पत्र्यावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज असते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून पाणी भरणाऱ्या बाईच्या जिवावर बेतते.

इथे आरसीसीबी कामाला येतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतो का, एवढेच तो पाहतो. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी त्या पावणेसहा अँपिअरच्या गळतीवर क्षणार्धात पडतो. मात्र एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल धरणाऱ्याला तो वाचवू शकत नाही, आणि ओव्हरलोडही त्याला कळत नाही. म्हणून डायग्राममध्ये दोन्ही हवेत.

गैरसमज: नवा आरसीसीबी सारखा पडतो, म्हणजे तो खराब, बायपास करा.

वस्तुस्थिती: बऱ्याचदा चूक न्यूट्रलची असते. फेज आरसीसीबीतून घेतली आणि न्यूट्रल मात्र त्याच्या आधीच्या किंवा दुसऱ्या पट्टीवर जोडली, तर करंट परत येताना आरसीसीबीला दिसतच नाही. त्याला ती गळती वाटते. ओळखायची खूण सोपी: लोड बंद असताना तो टिकतो, कूलर लावताच पडतो. तरी न्यूट्रलचा माग काढण्याआधी कूलरमध्येच गळती नाही ना, हे तो दुसऱ्या सर्किटवर लावून नव्हे, इन्सुलेशन टेस्टरने तपासा. कूलर निर्दोष निघाला, तर त्या सर्किटची न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या पट्टीवर आणा.

आरसीसीबीवरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. तो पडला, तर तो स्वतः ठीक आहे एवढेच कळते. अर्थिंगची खात्री अर्थ टेस्टरनेच होते, आणि तो उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना लावावा.