उंबरठ्याबाहेरचा नमस्कार

मुंबईच्या बीडीडी चाळींची रचना आठवली की प्रचाराचं गणित लगेच समजतं. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब बोळ, त्याच्या दोन्ही बाजूंना मिळून 20 खोल्या. म्हणजे एका इमारतीत 80 दारं. उमेदवार प्रत्येक दारी 40 सेकंद थांबला, तरी नुसत्या बोलण्यात सुमारे 53 मिनिटं जातात. जिने, ओळखीची माणसं आणि वाटेतली लहान मुलं धरली की दीड तास सहज होतो. एकाच घरात चहाला बसलं, तर वरचा मजला त्या संध्याकाळी राहूनच जातो.

त्या 40 सेकंदांत काय बोलायचं? समजा, पालिकेला पहिल्यांदाच उभी राहिलेली एक उमेदवार दाराशी आली आहे.

“नमस्कार काकू. मी याच वॉर्डातून उभी आहे. तुमचा फार वेळ घेत नाही. हे माझं पत्रक, सवड मिळाली की वाचा. काही सांगायचं असलं तर खाली नंबर आहे. येते.”

बस्स, एवढंच. यात मत मागितलेलं नाही, पण ती कशासाठी आली हे काकूंना कळलं आहे. ‘या वेळी आपल्यालाच ना?’ हा प्रश्न मात्र मुद्दाम टाळलेला आहे. शेजारच्या चार दारांतून माणसं बघत असताना त्याचं खरं उत्तर कोणी देत नाही. बाई हसून ‘हो हो’ म्हणते आणि आपल्याला चारचौघांत अडचणीत टाकलं हे मनात ठेवते. मत गुप्त असतं, ते बोळात उभं राहून विचारायचं नसतं.

चाळीचं दार उघडं असतं, म्हणून आत यायची मुभा असते असं नाही. 160 चौरस फुटांच्या खोलीत कोणी अभ्यासाला बसलेलं असतं, कोणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं. पाय उंबरठ्याबाहेरच ठेवावा. आजींनी ‘ये गं आत’ म्हटलं तरच चपला काढाव्यात. हा केवळ रीतीभातीचा भाग नाही. निवडणुकीच्या आदर्श आचारसंहितेत प्रत्येकाच्या शांत, निर्वेध घरगुती आयुष्याचा मान राखायला सांगितलं आहे. घरमालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या भिंतीवर झेंडा, फलक किंवा घोषणा लावायलाही त्यात मनाई आहे. घाईघाईत दारावर चिकटवलेला स्टिकर याच नियमात अडकतो. तो खरवडताना रंगाचा पोपडा निघाला, की त्या घराशी पुन्हा बोलणं अवघड होतं.

सगळ्यात वाईट चूक होते ती मतदार यादीमुळे. यादीत कधी कधी वारलेल्या माणसाचं नाव तसंच राहिलेलं असतं. कार्यकर्ता दारात उभा राहून मोठ्यानं नाव वाचतो, “आहेत का घरी?” आणि आतून सहा महिन्यांपूर्वी विधवा झालेली बाई बाहेर येते. यावर नंतर कुठलीही सारवासारव उपयोगी पडत नाही. चांगला गटप्रमुख म्हणूनच आदल्या दिवशी शेजारपाजारी विचारून यादीवर पेन्सिलनं खुणा करतो. कोण वारलं, कोण गावी गेलं, कोणाकडे सुतक आहे, हे तो उमेदवाराच्या कानावर आधीच घालतो. सुतकाच्या घरी पत्रक द्यायचं नसतं. हात जोडायचे आणि पुढे जायचं.

बरोबर माणसं किती, हेही महत्त्वाचं. बोळात 25 जण शिरले की उमेदवार दिसतच नाही, दिसते ती गर्दी, आणि म्हातारी माणसं दार लोटून घेतात. तिघं-चौघं पुरतात: वाट दाखवायला एक, पत्रकं धरायला एक आणि वही घेऊन एक. ‘संडासाचा नळ महिनाभर गळतोय’ असं कोणी म्हटलं, तर ते वहीत खोली क्रमांकासह लिहून घ्यावं. ‘उद्याच करून देते’ हे वाक्य मोहात पाडणारं असतं, पण निवडूनही न आलेल्या माणसानं ते बोलू नये.

ओवाळणीचा प्रसंग नाजूक असतो. सुवासिनी ताट घेऊन पुढे आल्या की हात आपसूक खिशाकडे जातो. पण ताटात टाकलेली नोट मतासाठी दिलेली लाच मानली जाऊ शकते, आणि समोर चार मोबाइल सुरू असतात. उमेदवारानं वाकून नमस्कार करावा. बायकांना कारण सांगितलं की त्या समजून घेतात.

आता चाळीच बदलत आहेत. वरळीच्या बीडीडीतल्या 556 कुटुंबांना ऑगस्ट 2025 मध्ये 40 मजली इमारतींतल्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. तिथे दार बंद असतं आणि खाली वॉचमनची वही असते. आधी सोसायटीच्या सेक्रेटरींना वेळ विचारावी लागते. मग लिफ्टनं सरळ वर जायचं आणि एकेक मजला जिन्यानं उतरत यायचं. बेल एकदाच वाजवायची आणि दोन पावलं मागे सरायचं, म्हणजे दाराच्या भिंगातून आतल्या माणसाला चेहरा नीट दिसतो. कोणी उघडलं नाही, तर पत्रक फटीत सरकवून खालच्या मजल्याकडे वळायचं.