जुन्या पुस्तकाचा खरा पत्ता

‘कोसला, जुनी प्रत, स्थिती चांगली.’ एवढ्या वर्णनावर ग्राहकाला काहीच ठरवता येत नाही. नेमाड्यांची ही कादंबरी 1963 साली पुण्याच्या देशमुख आणि कंपनीने काढली. पुढच्या आवृत्त्या पॉप्युलर प्रकाशनाच्या. म्हणून जाणकार विक्रेता आधी शीर्षकपानाची मागची बाजू पाहतो. तिथे ‘पहिली आवृत्ती 1963’ असते आणि खाली पुनर्मुद्रणांची वर्षेही असतात. वरचीच ओळ उतरवली, की नंतरची प्रत पहिली म्हणून विकली जाते. आपल्या हातातली प्रत शेवटच्या नोंदलेल्या वर्षाची, हे धरून चालावे.

बांधणीत फसगत जास्त होते. वाचनालये मूळ मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठा चढवतात. अशी प्रत टिकाऊ असते, पण संग्राहकाच्या दृष्टीने तिचे मोल घटते. समास कापून अरुंद झालेले दिसले, तर पुनर्बांधणी झाली हे ओळखावे आणि तसे स्पष्ट लिहावे.

खुणांबाबत ‘थोड्या खुणा’ पुरेसे नाही. पेन्सिलीच्या रेघा पुसता येतात, शाईच्या नाहीत. म्हणून साधन आणि पाने दोन्ही सांगावीत. वाचनालयाचा शिक्का असेल, तर ‘बाद’ असा शेराही आहे का, हे आवर्जून पाहावे. तो नसेल तर प्रत चोरीची असण्याची शंका उरते.

वजन मात्र गुंडाळल्यावरच करावे. 460 ग्रॅमचे पुस्तक पुठ्ठा आणि प्लॅस्टिकसह सहज 540 भरते. कुरिअरचा दर 500 ग्रॅमच्या टप्प्यांनी असेल, तर पुढच्या टप्प्याचे पैसे विक्रेत्याच्या खिशातून जातात.