डेंग्यूच्या रिपोर्टमधल्या तीन ओळी

पावसाळ्यात ताप उतरेना, की डॉक्टर डेंग्यूची तपासणी सांगतात. रिपोर्टवर तीन ओळी येतात: एनएस-१, आयजीएम आणि आयजीजी. आयजीएम निगेटिव्ह दिसलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, आयजीजी पॉझिटिव्ह दिसलं की धाबं दणाणतं. पण ताप कितव्या दिवसाचा आहे हे धरल्याशिवाय दोन्हींचा नीट अर्थ लागत नाही.

एनएस-१ हे विषाणूचंच प्रथिन. ते पहिल्या दिवसापासून रक्तात सापडतं आणि आठवडाभरात ओसरू लागतं. अँटिबॉडी मात्र शरीराला घडवाव्या लागतात. डेंग्यू पहिल्यांदाच झाला असेल तर आयजीएम साधारण चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसू लागतं, दोन आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतं आणि दोन-तीन महिन्यांत ओसरतं. आयजीजी पहिल्या आठवड्याच्या अखेरीस हळूहळू उगवतं, पण वर्षानुवर्षं टिकतं.

समजा, तापाच्या तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला: एनएस-१ पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी भरपूर. एनएस-१ सांगतं की डेंग्यू आत्ता आहे. आयजीएम यायला अजून वेळ आहे, म्हणून त्या निगेटिव्हवर विसंबायचं नाही. पण पहिल्याच डेंग्यूत तिसऱ्या दिवशी इतकं आयजीजी तयार होत नाही. म्हणजे हा बहुधा दुसरा डेंग्यू; पहिला कदाचित साधा ताप म्हणून अंगावर निघून गेला असेल. अशा दुसऱ्या खेपेला आयजीएम कमी येतं, कधी येतही नाही.

डॉक्टरांच्या दृष्टीने हे महत्त्वाचं, कारण डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा झालेला डेंग्यू त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण देतो. दुसरा प्रकार आला, तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण निकामी करू शकत नाहीत. उलट पेशींमध्ये शिरायला मदत करू शकतात. म्हणून दुसऱ्या खेपेला गुंतागुंतीचा धोका जास्त. ताप उतरतानाच्या दिवसांत डॉक्टर पोटदुखी, सततच्या उलट्या, रक्तस्राव आणि वाढणारं हिमॅटोक्रिट यांवर बारीक नजर ठेवतात.

उलटी फसगतही होते. ऑगस्टमध्ये डेंग्यू झालेल्याला ऑक्टोबरमध्ये टायफॉइड झाला, तरी आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकतं. जपानी मेंदूज्वरासारख्या जवळच्या विषाणूंच्या अँटिबॉडीही चाचणीला चकवतात. शंका असेल तर दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. त्यात आयजीजीचं प्रमाण चौपट किंवा त्याहून जास्त वाढलेलं निघालं, तर संसर्ग नुकताच झालेला. जवळपास तेवढंच राहिलं, तर बहुधा जुना.

म्हणून रिपोर्ट दाखवताना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्यात: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, आणि गेल्या तीन महिन्यांत असा ताप येऊन गेला होता का.