नऊ हजारांचे सोळा हजार कसे होतात?

पापड, लोणची, मसाले विकणाऱ्या एखाद्या घरगुती उद्योगाच्या दोन शीट असतात. एकीत शहर आणि मालानुसार विक्री, दुसरीत शहरानुसार जाहिरातीचा खर्च. गूगलच्या लुकर स्टुडिओ या फुकट मिळणाऱ्या साधनात (2022 पर्यंत त्याचे नाव डेटा स्टुडिओ होते) ‘Blend data’ वापरून दोन्ही एका तक्त्यात आणता येतात. शहर ही जोडणीची किल्ली ठरवायची की तक्ता तयार. चूक बहुतेक वेळा इथेच शिरते आणि पडद्यावर कसलाही इशारा येत नाही.

समजा, पुण्यात तिन्ही माल मिळून विक्री 50,000 आणि जाहिरात 4,000. कोल्हापुरात पापड व मसाले मिळून 20,000, जाहिरात 2,000. सोलापुरात नुसते लोणचे 10,000, जाहिरात नाही. नाशकात जाहिरातीवर 3,000 गेले, विक्री शून्य. म्हणजे खरी विक्री 80,000 आणि खरा खर्च 9,000.

जोडलेला तक्ता मात्र खर्च 16,000 दाखवतो. विक्रीच्या शीटमध्ये पुण्याच्या तीन ओळी आहेत. किल्ली फक्त शहर असल्याने पुण्याचे 4,000 तिन्ही ओळींना चिकटतात आणि 12,000 होतात. कोल्हापूरचे 2,000 तसेच 4,000 होतात. नाशिक तर गायबच, कारण आपोआप निवडलेली ‘Left outer’ जोडणी डावीकडच्या शीटमधली शहरेच ठेवते. ‘Inner’ निवडली असती, तर सोलापूरही गेले असते आणि विक्री 70,000 वर आली असती.

फुगलेल्या आकड्यावरचा उपाय सोपा आहे. ‘Edit blend’ मध्ये जाऊन विक्रीच्या बाजूचा ‘माल’ हा रकाना काढून टाका. जोडणीआधी प्रत्येक बाजूची बेरीज तिथे ठेवलेल्या रकान्यांनुसार होते. त्यामुळे आता प्रत्येक शहराची एकच ओळ उरते आणि खर्च 6,000 होतो. मालवार विक्री हवी असेल, तर तिचा आलेख मूळ शीटवरून वेगळा काढावा. राहिलेले नाशिकचे 3,000 ‘Full outer’ जोडणीने परत येतात. पण त्यात डावीकडचे शहर नाशकासाठी रिकामे दिसते, म्हणून दोन्ही बाजूंचे नाव एकत्र करणारा रकाना करावा लागतो:

```
COALESCE(City (Table 1), City (Table 2))
```

याउपर ओळी गळत असतील, तर शहरांची नावे तपासा. एका शीटमध्ये ‘पुणे’ आणि दुसरीत ‘Pune’, किंवा नावापुढे राहिलेली एक मोकळी जागा, एवढ्यानेही जुळणी तुटते. माझ्या मते बहुतेक गळती याच कारणाने होते.

अहवाल कोणाला पाठवण्याआधी प्रत्येक मूळ शीटची बेरीज आणि जोडलेल्या तक्त्याची बेरीज शेजारी शेजारी मांडा. एका रुपयाचाही फरक दिसला, तर तो अहवाल पाठवू नका.